कोपऱ्यातला नंबर

रंगभूमीवर मी आयुष्यभर राण्या केल्या. एकदा तर एकाच मोसमात चार. पण माझी कुठलीही राणी स्वतःच्या बळावर बोलली असेल असं समजू नका. माझ्या डाव्या हाताला, पडद्याआड, उलट्या ठेवलेल्या खोक्यावर एक सडपातळ माणूस मांडीवर संहिता घेऊन बसायचा, आणि मी अडखळायच्या आत पुढचं वाक्य माझ्या कानात यायचं. पहिल्या रांगेला ऐकू जायचं नाही, मला जायचं. असं बोलायला देवाला वेगळाच गळा द्यावा लागतो. आम्ही त्याला कुजबुजे म्हणायचो. त्याचं खरं नाव पगाराच्या वहीत होतं म्हणतात, मी काही कधी ते पाहिलं नाही.

कंपनी बुडाली, आम्ही पांगलो. मी सोफ्यावर आले आणि कुजबुजे मुलाच्या दोन खोल्यांत. तिथे ते कुणाच्याही पायात न येता राहायला शिकले. सकाळी सून ओट्याशी असली की हे गॅलरीत, नातवंडं गॅलरीत आली की हे जिन्यात. जन्मभर पडद्याआड बसलेल्या माणसाला ते जड गेलं नाही, असं ते म्हणायचे. मला त्यावर विश्वास ठेवायचा नव्हता, पण ते इतकं हळू म्हणायचे की वाद घालता यायचा नाही.

आणि मग अडुसष्टाव्या वर्षी या गृहस्थाला नोकरी लागली!

आमच्या बाजारपेठेच्या व्यापारी संघाकडे दुकानांचे संपर्क क्रमांक नव्हते. होते ते दहा वर्षांपूर्वीचे, आणि ती वही उंदरांनी वाचून संपवली होती. सेक्रेटरींना एकशे चाळीस दुकानांची ताजी यादी हवी होती. सेक्रेटरी म्हणजे हार्डवेअरच्या दुकानाचे मालक, आवाज असा की खिळे आपोआप ठोकले जावेत. दुकानादुकानांत जाऊन विचारायला माणूस पाठवला तर गिऱ्हाइकाच्या गर्दीत कोणी त्याच्याशी बोलत नाही. म्हणून ठरलं, पाट्यांचे फोटो काढायचे आणि पाटीवर जे लिहिलंय ते उतरवायचं. कुजबुज्यांच्या सुनेने सासऱ्यांचं नाव पुढे केलं. ती छापखान्यात मजकूर जुळवते, तिच्या डोळ्यांवर सगळ्यांचा भरवसा. एक महिना बघू, असं सेक्रेटरी म्हणाले. महिना संपेल त्या शनिवारी ठरवू.

महिनाभर बसायला त्यांना संघाच्या कार्यालयात खिडकीजवळचं टेबल मिळालं. टेबलाला खण होता. ते मला हे सांगायला खास घरी आले. "बाईसाहेब, खण आहे. आत काही ठेवलं तर ते दुसऱ्या दिवशी तिथेच असतं." मी विचारलं, काय ठेवलंत? म्हणाले, चष्म्याची पेटी आणि एक बिनकामाचं पेन. मग इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

त्यांची पद्धत मी जाऊन पाहिली. सकाळी आठला, दुकानं उघडायच्या आधी, ते रस्त्याच्या पलीकडच्या कडेला उभे राहायचे. शटर खाली असलं की समोर सामान नसतं, माणूस नसतो, पाटी पूर्ण दिसते. फोन दोन्ही हातांत धरून, श्वास रोखून एक फोटो. मग तो मोठा करून चारही कोपरे पाहायचे. अक्षर पुसट आलं असेल तर पुन्हा. कार्यालयात आले की फोटोतल्या मजकुरावर बोट दाबून धरायचं, म्हणजे फोन अक्षरं ओळखतो आणि नंबर, ईमेल, वेबसाइटचा पत्ता वेगळा दाखवतो. ते कॉपी करून तक्त्यात टाकायचं. रकाने असे: दुकान, पहिला नंबर, दुसरा नंबर, ईमेल, लिंक.

"सोपं आहे की," मी म्हटलं.

"सोपं नाही, बाईसाहेब. फोन हुशार आहे, पण त्याला नाटक कळत नाही. हे बघा." त्यांनी एक पाटी दाखवली. नंबरच्या शेवटी पंचेचाळीस, तिरकी रेघ, सेहेचाळीस. "फोनला वाटतं हा एकच लांबलचक नंबर. खरं म्हणजे हे दोन आहेत. पहिला पंचेचाळीसने संपतो, दुसरा सगळा तसाच, फक्त शेवटी सेहेचाळीस. आणि हे सहा आकडे बघा, हा फोन नाही, पिनकोड आहे. हे नोंदणी क्रमांक. आणि हे साल. दुकान कधी सुरू झालं ते. मी परवा एका सालाला फोन करणार होतो!"

पोस्टरांचं तर वेगळंच. भिंतींवरची पोस्टरं कुणी त्यांना सांगितली नव्हती, पण त्यांनी एक वेगळा तक्ता करून तीही उतरवली होती. पोस्टर अरुंद असलं की लिंक दोन ओळींत मोडते. फोन पहिलीच ओळ उचलतो आणि पान उघडत नाही. मग दोन्ही ओळी मधे जागा न सोडता जोडायच्या. वाक्य संपल्याचं टिंब असतं ते लिंकमध्ये येऊ द्यायचं नाही. सगळं तक्त्यात आलं की फोटो समोर धरून प्रत्येक नंबर दोन-दोन आकड्यांनी मोठ्याने, म्हणजे त्यांच्या मोठ्याने, वाचून ताडायचा. एकदा ताडला की विसरायचा आणि पुढचा.

"विसरायचा का?"

"वाक्य दिलं की ते आपल्या डोक्यात राहता कामा नये. नाहीतर पुढचं चुकतं. मी तुमची सगळी नाटकं तीनतीनशे वेळा दिली, मला एक ओळ पाठ नाही."

हे मला ठाऊकच नव्हतं. मी समजत होते, हा माणूस आमच्यापेक्षा जास्त पाठांतराचा.

महिना संपत आला. शुक्रवारी संध्याकाळी वीज मंडळाचं पत्र आलं. रविवारी सकाळी सहा ते संध्याकाळी सहा सगळ्या बाजारपेठेचा वीजपुरवठा बंद. दूधवाला, औषधवाला, फुलवाला, केकवाला, आइस्क्रीमवाला, ज्याचं ज्याचं म्हणून फ्रीजमध्ये काही आहे त्याने शनिवारीच हलवायला हवं. सेक्रेटरींनी टेबलावर हात आपटला. टेबल कुजबुज्यांचं होतं, त्यांनी आधी खण सांभाळला.

"आता कळेल तुमची यादी कशी आहे ती. उद्या सहापर्यंत प्रत्येक दुकानाला निरोप पोहोचला पाहिजे. पोहोचला तर टेबल तुमचं. एक जरी दुकान राहिलं तर सोमवारपासून एजन्सी नेमतो, ते मशीनने करतात."

शुक्रवारीच सगळ्यांना मेसेज गेला. ईमेलवाल्यांना ईमेल. शनिवारी सकाळी अठ्ठ्याण्णव दुकानांकडून "ओके" किंवा अंगठा आला होता. राहिली बेचाळीस. त्यांना फोन लावायचे. कुजबुज्यांनी पहिला लावला. "नमस्कार, व्यापारी संघातून..." पलीकडून, "हॅलो? हॅलो? अहो बोला ना!" आणि फोन बंद. दुसरा, तेच. तिसऱ्याने तर शिव्याच दिल्या, कोणीतरी नुसता श्वास सोडतंय म्हणून.

अकरा वाजता ते माझ्या दारात. "बाईसाहेब, माझा आवाज तुमच्यासाठीच बनलाय. फोनवर चालत नाही. नंबर मी देतो, बोला तुम्ही."

मी काय सांगू तुम्हाला! वीस वर्षांनी मला कुणीतरी भूमिका देत होतं. मी मोत्यांची माळ घालून निघाले.

कार्यालयात बसलो. ते माझ्या डाव्या हाताला, आपोआपच. मी नंबर लावायचा, पलीकडे हॅलो आलं की ते कुजबुजणार "मेडिकल स्टोअर्स, चौक" आणि मी सुरू. पहिल्या बारा जणांना पहिल्याच नंबरवर गाठलं. मला एवढा रंग चढला की एका कापडवाल्याला मी अंधाराचं वर्णन करून रडवलं. मग आलं औषधांचं दुकान. पहिला नंबर बंद पडलेला. दुसरा लावला.

"बोला," एक घोगरा, गोड आवाज.

"नमस्कार! उद्या दिवसभर वीज नाही. तुमच्या फ्रीजमधली औषधं आजच हलवा!"

"औषधं? चौकातलं मेडिकल म्हणता? हिरवं अक्षर, पांढरी सावली?"

"तेच."

"अरे बापरे. बरं, सांगतो. तो आत्ता जेवायला गेला असेल."

मी खूण केली. झालं! पुढचं, सायकलचं दुकान. सायकलला फ्रीज कशाला, पण हवा भरायचा पंप विजेवर चालतो. पहिला नंबर लागेना. दुसरा.

"बोला."

"सायकलवाले?"

"निळ्यावर पिवळं? सांगतो, सांगतो. आणखी कोणी आहे का?"

मी खूण केली, पण मनात काहीतरी वळवळलं. आमच्या कंपनीत एक नट होता, तो एकाच नाटकात सावकार, पुजारी आणि सासरा करायचा. मिश्या तीन, आवाज एकच. मला तोच आठवला. मग बेकरी, तिचाही पहिला नंबर बंद, दुसरा लावला.

"बोला."

"अहो, मघाशी मेडिकल तुम्हीच होतात ना?"

"मी? मी कधीच मेडिकल नव्हतो हो."

"मग सायकल?"

"सायकल होती. चोरीला गेली. सतरा वर्षं झाली."

"आणि आता बेकरी?"

"बेकरी गुलाबी. तिला मी सांगितलं होतं, गुलाबी लवकर उडतो."

मी फोन हातात धरून कुजबुज्यांकडे पाहिलं. ते पांढरे पडले होते. रंगमंचावर मी कधी भलतंच बोलले तर ते असेच व्हायचे. नेमकी त्याच वेळी सून डबा घेऊन आली. तिने विचारलं, काय झालं? मी सांगितलं. तिने डबा ठेवला, तक्ता उघडला आणि दुसऱ्या नंबरच्या रकान्यावर बोट दाबून सगळ्या ओळी नंबरच्या क्रमाने लावल्या.

एकच नंबर. एकाखाली एक. पडद्यावर मावेना.

"बाबा," ती म्हणाली, "एकतीस दुकानं. सगळ्यांचा दुसरा नंबर एकच."

"ताडले होते मी," कुजबुजे म्हणाले. "प्रत्येक नंबर फोटोशी ताडला होता."

"फोटोशी ताडलात. एकमेकांशी नाही."

तिने मेडिकलचा फोटो उघडला आणि मोठा केला. हिरवं अक्षर, पांढरी सावली. खाली उजव्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत: पेंटर. आणि पुढे नंबर. सायकलचा फोटो, तोच कोपरा, तीच मुंगी. पाटी रंगवणाऱ्याने प्रत्येक पाटीवर आपली सही आणि आपला नंबर ठेवला होता, पुढचं काम मिळावं म्हणून. आणि आमच्या कुजबुज्यांनी, ज्यांना चारही कोपरे स्वच्छ आल्याशिवाय फोटो पसंतच पडत नाही, त्यांनी तो तितक्याच निष्ठेने उतरवला होता.

"बाबा, हा दुकानाचा नंबर नाही हे तुम्हाला वाटलं नाही का?"

"अगं, पानावर जे लिहिलंय ते सगळं यायला हवं. गाळायचं की ठेवायचं हे मी कोण ठरवणार? एकदा मी दिग्दर्शकाची पेन्सिलची टीप गाळली होती. बाईसाहेबांनी तलवार चुकीच्या हातात घेतली."

"घेतली होती," मी म्हटलं. "टाळ्या पडल्या होत्या."

मग मला असं हसू आलं की माळ तुटेल असं वाटलं. सुनेला आलं. कुजबुज्यांना मात्र येईना. ते खणाकडे बघत होते.

त्यातल्या उरलेल्या दुकानांचे पहिले नंबर आम्ही चार वाजेपर्यंत लावून पाहिले, एकही लागेना. चार वाजता सेक्रेटरी आले. "किती राहिले?" मी काहीतरी गोलमाल बोलणार होते, राणीच्या थाटात. पण कुजबुजे उठून उभे राहिले आणि म्हणाले, "चूक झालीय. एकतीस दुकानांचा दुसरा नंबर पेंटरचा आहे. मी घातला."

त्यांनी हे एवढ्या मोठ्याने म्हटलं की खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने मशीन थांबवलं. मी त्यांचा आवाज असा कधीच ऐकला नव्हता. चांगला होता की! थोडा चिरका, पण खलनायकाला चालला असता.

सेक्रेटरी म्हणाले, "म्हणजे ही सगळी दुकानं निरोपाशिवायच आहेत?"

"बारांचे पहिले नंबर लागले. एकोणीस राहिली."

"चार वाजलेत! एकोणीस! मी एजन्सीला..."

जिन्यात धापा ऐकू आल्या. वर आला तो एक म्हातारा, गळ्यात मफलर, बोटांच्या कडांना न जाणारा रंग, काखेत एक जाडजूड डायरी. दारात उभा राहून त्याने आधी श्वास घेतला, मग सेक्रेटरींकडे बघून म्हणाला, "हार्डवेअरच्या मालकांना कुठे शोधू हो? त्यांचा निरोप राहिलाय."

"मीच हार्डवेअर!" सेक्रेटरी ओरडले.

"असं होय. उद्या वीज नाही."

"अहो, मीच तर... तुम्ही कोण?"

"पेंटर."

मी उठून त्याला खुर्ची दिली. त्याने डायरी टेबलावर ठेवली. दुपारभर मी ज्या ज्या दुकानाचं नाव घेतलं होतं तिथे तो चालत जाऊन सांगून आला होता. शिवाय ज्यांची नावं मी घेतली नव्हती, पण पाटी त्याची होती, त्यांनाही वाटेत सांगितलं. आमच्या एकोणिसांतली एकूण अकरा. सेक्रेटरींचा पहिला नंबरही बंद पडलाय आणि त्यांची पाटीही ह्याचीच आहे, हे आमच्या तेव्हाच लक्षात आलं. आम्ही तिघं एकमेकांकडे बघायचं टाळलं.

"तुम्ही एवढं चालत का फिरलात?" सुनेने विचारलं.

"सात वर्षांत या नंबरवर कामाचा फोन आलाच नाही, पोरी. आता सगळे कॉम्प्युटरवर छापतात. मुलगा म्हणतो नंबर बंद करा. मी म्हणतो, बाबा रे, एवढ्या पाट्यांवर लिहिलाय, बंद कसा करू? आज तीन आले. तिन्ही बाईंचे!" आणि तो इतका मनमोकळा हसला की मला स्वतःचाच अभिमान वाटला.

डायरीत प्रत्येक पाटीचं एक पान. वर अक्षराचा नमुना, खाली मालकाच्या घरचा नंबर. उरलेली आठ दुकानं त्या डायरीतून निघाली. कुजबुजे नंबर देत होते, पेंटर कोण कसं आहे ते सांगत होता, "हा बहिरा आहे, जोरात", "ही चिडते, आधी मुलाची चौकशी करा", आणि मी बोलत होते. सेक्रेटरींनी स्वतः चहा आणला! खिडकीत उभे राहून प्यायले, म्हणजे आणल्याचं कुणाच्या लक्षात यायला नको. यादीत आणखी अकरा दुकानं होती, नव्या छापील पाट्यांची. त्यातल्या दहांना ओळीने गाठलं. पाच वीस.

राहिला एक. आइस्क्रीमवाला.

त्याची पाटी छापील, पेंटरची नाही. तिच्यावर फोन नंबरच नव्हता. एक ईमेल, एक लिंक आणि एक चौकोनी ठिपक्याठिपक्यांचा कोड. ईमेल शुक्रवारी गेला होता, उत्तर नाही. लिंक उघडली तर पान म्हणत होतं, हे नाव विकायला आहे. कोड फोटोवरूनच स्कॅन केला तर तीन वर्षांपूर्वीचा आंब्याच्या आइस्क्रीमचा फोटो आला, खाली कुणाचातरी प्रश्न: दुकान किती वाजता उघडतं? त्यालाही उत्तर नव्हतं. सुनेला पळवलं, ती परत येऊन म्हणाली शटर बंद आहे, शेजाऱ्यांना माहीत नाही.

"एक राहिलं," सेक्रेटरी म्हणाले. आनंदाने नव्हे हो. वाईट वाटून म्हणाले. पण म्हणाले.

कुजबुज्यांनी आइस्क्रीमच्या दुकानाचा फोटो पुन्हा उघडला. वरची पाटी सोडून ते खाली उतरत गेले. सकाळी आठचा फोटो, शटर खाली, आणि शटरच्या मधोमध एक पोस्टर चिकटवलेलं.

"हे पोस्टर," ते पुटपुटले. परत जुन्या आवाजात. मला ऐकू गेलं, सेक्रेटरींना नाही.

"काय म्हणतायत?"

"म्हणतायत, पोस्टर," मी म्हटलं.

"स्वतःच्या शटरवर मधोमध कोणी परक्याचं पोस्टर लावू देत नाही," कुजबुजे म्हणाले. "यांचं काहीतरी आहे त्यात." त्यांनी पोस्टरांचा तो कुणी न सांगितलेला तक्ता उघडला. ओळ होतीच. साठ वर्षांवरील नागरिकांची पोहण्याची स्पर्धा. शनिवार, संध्याकाळी पाच. संपर्क: एक नंबर. लिंक दोन ओळींत मोडलेली, कुजबुज्यांनी जोडलेली. पान उघडलं, स्पर्धकांची यादी, सहावं नाव आइस्क्रीमवाल्याचं.

आज शनिवार. पाच अडतीस. मी नंबर लावला.

पलीकडे शिट्ट्या, पाणी, गलका. "हॅलो, तलाव!"

"आइस्क्रीमवाले आहेत का तिथे?"

"आहेत. पाण्यात आहेत. चौथी लेन."

"त्यांना निरोप द्या!"

"बाई, शर्यत चालू आहे. इथून ओरडलं तरी ऐकू जात नाही. हा लाउडस्पीकर आहे, त्याच्याजवळ फोन धरतो, तुम्हीच सांगा काय ते."

मी उभी राहिले. पोटातून श्वास घेतला. शेवटच्या रांगेतल्या शेवटच्या माणसासाठी जो आवाज राखून ठेवायचा असतो, तो काढला.

"चौथी लेन! बाहेर या! वीज जाणार आहे! ताबडतोब बाहेर या!"

पलीकडची शिट्टी अर्धवटच थांबली. मग असा आवाज आला, जणू एखाद्याने नदीतून म्हशींचा कळप एकदम हाकलला. "अहो वीज म्हणतायत! पाण्यात वीज! निघा, निघा!" धपाधप, धपाधप, कुणीतरी "माझे दात!" असं ओरडलं, शिट्ट्या, आणि तलाववाला फोनवर, "बाई, काय केलंत! सगळे बाहेर आलेत! सात लेन रिकाम्या आहेत!"

"चौथी आली का?"

"चौथी पहिली आली! अहो, ती शेवटची पोहत होती!"

फोन आइस्क्रीमवाल्याच्या हातात गेला. दात वाजत होते. मी उद्याची गोष्ट सांगितली, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, दुकान सोडून कुठेच काही नाही, तलावाशी संबंध नाही. तो म्हणाला, "म्हणजे पाण्यात काही नव्हतं?"

"नव्हतं. पण तुमचं आइस्क्रीम पाणी होणार होतं."

"आलो," तो म्हणाला. "टॉवेलवरच येतो."

पाच सेहेचाळीस. मी खुर्चीत बसले. सून भिंतीला टेकून हसत होती, पेंटर टेबलावर डोकं ठेवून, सेक्रेटरींच्या चहाचा कप बशीत खुळखुळत होता. स्पर्धा पुन्हा घेतली गेली, असं नंतर कळलं. आइस्क्रीमवाला पुन्हा शेवटचा आला. पण एक फेरी तरी तो पहिला होता, आणि ती मी घडवली, हे त्याला आणि मला दोघांना माहीत आहे.

सेक्रेटरींनी तक्ता मागितला. एकशे चाळीस ओळी, प्रत्येकीपुढे खूण. एकेका ओळीवरून बोट फिरवत शेवटपर्यंत गेले. मग म्हणाले, "हे पोस्टरांचं कुणी सांगितलं होतं करायला?"

"कुणी नाही," कुजबुजे म्हणाले.

"एजन्सीने केलं नसतं." त्यांनी तक्ता खाली ठेवला. "सोमवारी दहाला या. टेबल कुठे हलवू नका, खिडकीचा वारा बरा येतो. आणि रकाना वाढवा. 'पाटी कोणी रंगवली.' त्या नंबरांना दुकानात घालू नका, पण फेकूही नका."

कुजबुजे टेबलाकडे वळले. खण उघडला, चष्मा काढून पेटीत ठेवला, पेटी खणात ठेवली, आणि चष्म्याशिवायच जिना उतरायला निघाले. सुनेने हात धरला.

पण त्यांना सोमवारपर्यंत दम कुठला! रविवारी सकाळी साडेआठला फोन आला. वीज गेली होती, सगळी शटरं खाली, बाजार पहिल्यांदाच उन्हात मोकळा पडला होता, आणि पाट्या अशा दिसत होत्या जणू नटनट्या पडदा उघडायची वाट बघतायत. मी गेले तर पेंटर शिडीवर, बादलीत रंग. बंद पडलेले नंबर खरवडून तो नवे लिहीत होता. कुजबुजे खाली उभे राहून मालकांकडून घेतलेले नवे नंबर देत होते, दोन-दोन आकड्यांनी, आणि पेंटरला वर ऐकू जात नव्हतं.

"मोठ्याने हो!" पेंटर ओरडला.

"बाईसाहेब," कुजबुजे म्हणाले, "अठ्ठ्याण्णव, बावीस."

"अठ्ठ्याण्णव, बावीस!" मी गर्जले. समोरच्या इमारतीत तीन खिडक्या उघडल्या. चौथीतून एका गृहस्थाने टाळ्या वाजवल्या. मी वाकून नमस्कार केला, एका हाताने शिडी धरूनच.

दुपारपर्यंत दहा पाट्या झाल्या. प्रत्येकीचा रंग वाळला की कुजबुजे रस्त्याच्या पलीकडे जाऊन नवा फोटो काढत, मोठा करत, चारही कोपरे पाहत. नऊ राहिल्या होत्या, ऊन डोक्यावर आलं होतं, माझ्या गुडघ्यांनी संप पुकारला होता. मी म्हटलं, बाकीच्या उद्या करू. दोघांनीही माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दुसऱ्या अंकानंतर घरी जाते म्हणाले. मग आम्ही शिडी उचलली आणि बेकरीकडे निघालो.